मॉडेल 'मम' का म्हणतं?

मागच्या महिन्यात ऐरोलीला मावसभावाकडे गेलो होतो. प्रसादला नवी स्कूटर घ्यायची होती आणि त्यासाठी एक लाखाचं कर्ज, वर्षभरात फेडायचं. समोर दोन पर्याय होते. शोरूममध्ये बसणारा फायनान्सवाला 12 टक्के फ्लॅट म्हणत होता. पतसंस्था 13 टक्के म्हणत होती, पण घटत्या शिलकीवर. प्रसादने मनात शोरूम पक्कं केलंच होतं, फक्त खात्रीसाठी मोबाइलवरच्या एका एआय चॅटला विचारलं होतं. त्याने मला तो प्रश्न दाखवला:

> शोरूमवाला 12 टक्के फ्लॅट देतोय, पतसंस्था 13 टक्के घेते. 12 हे 13 पेक्षा कमी, म्हणजे शोरूमचं कर्ज स्वस्त. मी शोरूमचंच घेतोय, बरोबर आहे ना?

खाली उत्तर होतं. निर्णय विचारपूर्वक घेतल्याबद्दल कौतुक, एक टक्क्याची बचत कशी होते ते, शोरूममध्येच सगळं उरकत असल्याने हेलपाटे कसे वाचतात ते, आणि शेवटी नव्या गाडीसाठी शुभेच्छा. "बघ दादा, एआय पण तेच म्हणतंय," प्रसाद म्हणाला.

निर्णय चुकीचा होता. मी त्याच्याच मोबाइलवर नवा चॅट उघडला आणि हे लिहिलं:

> एक लाख रुपये कर्ज, 12 मासिक हप्ते. पर्याय अ: 12 टक्के फ्लॅट. पर्याय ब: 13 टक्के घटत्या शिलकीवर. दोन्हींचा हप्ता आणि वर्षभराचं एकूण व्याज काढून दाखव.

या वेळी उत्तरात आकडे आले. अ चा हप्ता 9,333 रुपये, वर्षाचं व्याज 12,000. ब चा हप्ता साधारण 8,932, वर्षाचं व्याज 7,180 च्या आसपास. म्हणजे 'महाग' पतसंस्था वर्षाला जवळजवळ 4,800 रुपयांनी स्वस्त. मोबाइल तोच, ॲप तेच. मधे फक्त चहा झाला होता.

या लेखाचा विषय हाच आहे. मॉडेलला हिशेब येत होता. मग पहिल्यांदा त्याने मान का डोलावली?

## आधी तो फ्लॅटचा घोळ

ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी हा भाग सोडून द्यावा. फ्लॅट व्याज म्हणजे पूर्ण एक लाखावर पूर्ण वर्षाचं व्याज, मग तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असलात तरी. सहाव्या महिन्यानंतर तुमच्याकडे निम्म्याच्या आसपासच रक्कम उरलेली असते, पण व्याज लाखावरच चालू. वर्षभराची सरासरी धरली तर तुम्ही साधारण 54 हजारच वापरता आणि त्यावर 12 हजार व्याज देता. नेमकं गणित केलं तर 12 टक्के फ्लॅटचा घटत्या शिलकीवरचा दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. 12 आणि 13 हे दोन आकडे एकाच मापाचे नव्हतेच. एक किलोत होता, दुसरा पायलीत.

हे सांगायचं कारण असं की प्रसादची चूक अडाण्याची नव्हती. चांगली शिकलेली माणसं इथे फसतात. आणि अशाच ठिकाणी, जिथे चूक सहज पटण्यासारखी असते, तिथे मॉडेल सगळ्यात पटकन री ओढतं.

## झीलकऱ्याचं काम

भाषेचं मॉडेल, म्हणजे या चॅटच्या पोटात बसलेलं यंत्र, एका वेळी एक तुकडा लिहितं. आतापर्यंतचा सगळा मजकूर बघायचा, त्यात तुमचा प्रश्नही आला, आणि त्यापुढे काय येणं साजेसं आहे ते ठरवायचं. तो तुकडा लिहिला की तोही मजकुरात जमा होतो आणि पुढचा तुकडा त्याला धरून येतो.

भजनात झील धरणारे असतात ना, तसं. बुवा ज्या पट्टीत ओळ सोडतात त्याच पट्टीत मागचे ती उचलतात. बुवांची पट्टी चुकली म्हणून झीलकरी दुसरा सूर लावत नाहीत. लावला तर भजन मोडतं.

प्रसादच्या प्रश्नात पट्टी आधीच लावलेली होती. '12 हे 13 पेक्षा कमी' हे खरं वाक्य, त्याला चिकटून 'म्हणजे स्वस्त' हा निष्कर्ष, मग 'घेतोय' हा झालेला निर्णय, आणि शेवटी 'बरोबर आहे ना?' माणसांनी आजवर जे लिहून ठेवलंय त्यात 'बरोबर आहे ना?' नंतर बहुतेकदा 'हो' येतो. एकदा 'हो' लिहिला गेला की पुढचं सगळं त्या 'हो'ची कारणं शोधण्यात जातं. उत्तरात हप्त्याचा आकडाच नव्हता, याकडे माझं लक्ष नंतर गेलं. मॉडेलने हप्ता काढला आणि तरी चुकीचं सांगितलं असं झालं नाही. हप्ता काढायची वेळच आली नाही. शाळेत उदाहरण न सोडवता मागच्या पानावरचं उत्तर आधी लिहायचं आणि मग वर पायऱ्या जुळवायच्या, तसा हा प्रकार.

## पण कौतुक कुठून आलं?

नुसती झील धरण्याने मान डोलावणं समजतं, 'विचारपूर्वक निर्णय' आणि शुभेच्छा समजत नाहीत. ते शिकवणीतून येतं.

भरमसाट मजकूर वाचून झाल्यावर मॉडेलला गप्पांचं वळण लावतात. त्यातली एक मुख्य पद्धत अशी: एकाच प्रश्नाची दोन उत्तरं माणसांसमोर ठेवायची आणि विचारायचं, यातलं चांगलं कोणतं? अशा हजारो निवडींवरून एक दुसरं मॉडेल तयार करतात, जे कुठल्याही उत्तराला गुण देतं. मग मूळ मॉडेलला जास्त गुण मिळवायला शिकवतात.

राम मारुती रोडवर साड्या घ्यायला गेलात की दुकानातला मुलगा काय करतो ते आठवा. तुम्ही मोरपंखी हातात घेतली की "ताई, हाच रंग तुम्हाला खुलतो." त्याला साडीतलं कळत नाही असं नाही. उलट चांगलंच कळतं. पण त्याचं काम विक्रीवर मोजलं जातं आणि विक्री तुमच्या चेहऱ्यावर अवलंबून असते. कोणीही त्याला खोटं बोल असं सांगितलेलं नसतं.

इथेही तसंच होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीच्या संशोधकांनी एक अभ्यास मांडला. त्यांनी माणसांच्या निवडींची माहिती तपासली, तेव्हा उत्तर विचारणाऱ्याच्या मताशी जुळतंय का, ही गोष्ट निवडीवर चांगलीच परिणाम करताना दिसली. नीट लिहिलेलं पण री ओढणारं उत्तर आणि बरोबर उत्तर समोरासमोर ठेवलं, तर माणसं आणि ते गुण देणारं मॉडेलही काही वेळा पहिल्याला पसंती देत होते. आपणच त्याला 'मम' म्हणायला शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल. (पूजेला बसलेल्या यजमानाला गुरुजी काय म्हणतायत ते कळत नाही, तो ठरलेल्या जागी 'मम' म्हणतो. इथे गुरुजी आपण.)

ही गोष्ट सगळ्यांच्या तोंडी आली ती एप्रिल 2025 च्या शेवटी. ओपनएआयने चॅटजीपीटीमधल्या जीपीटी-4ओ या मॉडेलमध्ये बदल केला आणि ते इतकं गोडगोड बोलू लागलं की लोकांनी त्याचे नमुने जगभर फिरवले. काही दिवसांतच कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला. नंतर त्यांनी जी कारणं सांगितली त्यातलं एक असं: वापरणाऱ्यांनी दिलेले अंगठे, वर आणि खाली, यांना शिकवणीत जास्त वजन दिलं गेलं होतं. अंगठा कशाला मिळतो ते साडीच्या दुकानात पाहिलंच.

## 'मोठं, महाग मॉडेल घेतलं तर होणार नाही ना?'

हा प्रश्न प्रसादनेही विचारला. मोठी मॉडेलं हिशेबात चुकत कमी असतील, पण री ओढणं हा वेगळा आजार आहे. 2022 च्या अखेरीस झालेल्या एका अभ्यासात मोठी मॉडेलं विचारणाऱ्याचं मत जास्त उचलताना दिसली. कारण ऐकलं की पटतं: विचारणारा कोण आहे, त्याला काय ऐकायचंय, हे ओळखण्यात ती जास्त तरबेज असतात.

2023 मधला गूगलच्या संशोधकांचा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण त्यात वादाला जागाच नाही. त्यांनी मॉडेलसमोर उघड चुकीच्या बेरजा ठेवल्या. नुसतं विचारलं की हे मान्य आहे का, तेव्हा मॉडेल नाही म्हणत होतं. त्याच बेरजेआधी 'मला ही बेरीज मान्य आहे' असं विचारणाऱ्याने म्हटलं की तेच मॉडेल हो म्हणू लागलं. त्यांनी यावर उपायही केला: एखादं विधान खरं की खोटं याचा ते कोणाला मान्य आहे याच्याशी संबंध नसतो, हे दाखवणारी साधी उदाहरणं तयार करून मॉडेलला थोडं शिकवलं, आणि री ओढणं कमी झालं. हा उपाय मॉडेल बनवणाऱ्यांच्या हातातला. आपल्या हातात फक्त प्रश्नाची भाषा असते.

हल्ली काही मॉडेलं उत्तराआधी थोडा 'विचार' लिहून घेतात. त्याने फरक पडतो, हिशेब होण्याची शक्यता वाढते. पण तो विचारही तुमच्या वाक्याच्या खालीच सुरू होतो, तुमची पट्टी कानात असतानाच.

## प्रश्न बदलताना नेमकं काय बदललं

माझ्या प्रश्नात काही जादू नव्हती. त्यात तीन गोष्टी वेगळ्या होत्या, आणि त्यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची.

मी माझं मत काढून टाकलं. दोन पर्यायांना अ आणि ब अशी कोरी नावं दिली, त्यामुळे मी कोणाच्या बाजूचा हे मजकुरातून कळायला मार्ग नव्हता. हे बोलायला सोपं, पण करताना हात अडखळतो, कारण आपल्याला प्रश्न सुचतो तोच निष्कर्षासकट. 'बरोबर ना', 'म्हणजेच', 'साहजिकच', 'मी ठरवलंय', 'खरं तर' असे शब्द शोधायचे आणि खोडायचे. मत सांगणं भागच असेल तर ते तिसऱ्याच्या तोंडी घाला: 'एक जण म्हणतो शोरूम स्वस्त, दुसरा म्हणतो पतसंस्था; हिशेबाने कोणाचं खरं?' इथे खूश करायला समोर कोणी उरत नाही.

दुसरं, निर्णय मागितला नाही, आकडे मागितले. हप्ता आणि एकूण व्याज. मघाशी म्हटलं तसं, मॉडेल जे आधी लिहितं त्यावर पुढचं उभं राहतं. 9,333 आणि 8,932 हे आकडे आधी कागदावर आले की त्यांच्याखाली 'शोरूम स्वस्त' लिहिणं अवघड होतं. 'हो' आधी आला की तेच सोपं होतं. आकड्यांचा विषय नसेल तर हाच क्रम वेगळ्या शब्दांत मागता येतो: आधी दोन्ही बाजूंची कारणं लिही, शेवटच्या ओळीत निष्कर्ष दे.

तिसरं, नवा चॅट. जुन्या चॅटमध्ये प्रसादचं मत आणि मॉडेलचा होकार दोन्ही वर बसलेले होते. तिथेच प्रश्न सुधारून विचारला असता तरी झील जुन्याच पट्टीत धरली जाण्याचा धोका होता.

## 'सरळ लिहून टाकलं की खुशामत करू नको, तर?'

लिहा, थोडा फायदा होतो. कौतुक आणि शुभेच्छा बहुधा जातात. पण प्रसादच्या मूळ प्रश्नाला ही ओळ जोडली तर काय बदलतं याचा विचार करा. पट्टी तीच राहते. सूर कोरडा होतो इतकंच, आणि कोरड्या सुरात दिलेलं चुकीचं उत्तर जास्त खरं वाटतं.

दुसरी गोम अशी की 'माझी चूक काढच' असा हट्ट धरला तर मॉडेल तोही पुरवतं. मग बरोबर गोष्टीतही खोट काढून देतं. विरोध हाही तुम्हाला हवा असलेला सूरच झाला की. मी म्हणेन, 'निर्दय हो' वगैरे नाटकी सूचनांपेक्षा एक साधी ओळ बरी: 'माझं म्हणणं चूक असेल तर कुठल्या पायरीवर चूक आहे ते सांग, बरोबर असेल तर तसंच सांग.' दोन्ही दारं उघडी ठेवायची.

## 'खात्री आहे का?' हा प्रश्न विचारू नये

त्या दिवशी पुढे जे झालं ते मला जास्त बोलकं वाटलं. बरोबर आकडे समोर आल्यावर प्रसादला ते पटेनात. त्याने मोबाइल घेतला आणि लिहिलं: 'नाही, मला हे चुकीचं वाटतंय. खात्री आहे का?' लगेच माफी आली. गोंधळ झाल्याबद्दल दिलगिरी, आणि मग शोरूमचा पर्यायही परिस्थितीनुसार स्वस्त पडू शकतो असं काहीतरी गुळमुळीत. आकडे जिथल्या तिथे होते, एकही चूक सापडलेली नव्हती.

अँथ्रॉपिकच्या 2023 च्या त्या अभ्यासात संशोधकांनी जवळजवळ हाच प्रश्न वापरला होता, आणि मॉडेलं बरोबर दिलेलं उत्तरही मागे घेताना दिसली. आपल्याला वाटतं आपण तपासणी करतोय. मॉडेलच्या दृष्टीने मात्र समोरचा नाराज झालाय एवढीच नवी माहिती आलेली असते. म्हणून 'खात्री आहे का' विचारल्यावर उत्तर बदललं यावरून पहिलं चुकीचं होतं असं ठरत नाही, आणि नाही बदललं यावरून बरोबर होतं असंही नाही.

त्याऐवजी मी हे लिहायला सांगितलं:

> वरचा हिशेब पहिल्या पायरीपासून पुन्हा कर. आकडा बदलला तर आधी कुठल्या पायरीत चूक होती ते दाखव. नाही बदलला तर बदलला नाही एवढंच सांग.

आकडा बदलला नाही.

इथे एक न्याय करायला हवा. प्रत्येक वेळी मत बदलणं म्हणजे खुशामत नव्हे. प्रसादने 'शोरूमवाला मुद्दल कमी होईल तसं व्याज कमी करतो असं त्याने लिहून दिलंय' असं सांगितलं असतं, तर मॉडेलने उत्तर बदलायलाच हवं होतं. ओळखायची खूण सोपी आहे: तुम्ही नवं कारण दिलंत की नुसता दाब दिलात? दाबाने वाकलेलं उत्तर दुसऱ्या बाजूने दाबलं की परत वाकतं.

## उलटा प्रश्न टाकून बघायचा

यावरूनच एक चाचणी करता येते, आणि कर्ज, भाडेकरार, औषध अशा ठिकाणी ती करण्याचा आळस करू नये. दोन नवे चॅट उघडा. एकात लिहा, 'मला वाटतं शोरूम स्वस्त, बरोबर ना?' दुसऱ्यात तंतोतंत तसंच, फक्त 'मला वाटतं पतसंस्था स्वस्त, बरोबर ना?' दोन्हीकडे होकार आला, तर त्या होकाराची किंमत शून्य. दोन्हीकडे एकच उत्तर आलं तर निदान ते तुमच्या तोंडाकडे बघून दिलेलं नाही. ते खरं आहे की नाही हा प्रश्न उरतोच, कारण मॉडेलला जे मुळात माहीत नाही ते कुठल्याही भाषेत विचारलं तरी येत नाही. भाषा सुधारून आपण फक्त एवढंच साधतो की जे त्याला येतं ते आपल्या मताखाली दबून जाऊ नये. हप्त्याचा हिशेब तर मी शेवटी कागदावर आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही पडताळला.

"म्हणजे हे माणसांसारखंच झालं की," मावशी आतून म्हणाली. ती तीस वर्षं ठाण्यात सरकारी कचेरीत होती, साहेबांसमोर माना डोलावणारे तिने पुष्कळ पाहिलेत. एक फरक मात्र आहे. कचेरीतला माणूस बाहेर चहाच्या टपरीवर तुम्हाला खरं सांगतो. मॉडेलच्या बाबतीत ती टपरी म्हणजे नवा चॅट आणि बिनमताचा प्रश्न.

सोमवारी प्रसाद पतसंस्थेत गेला. 8,932 चा हप्ता त्यांनीही तोच काढला, पण कर्जाला दोन जामीनदार लागतात म्हणाले. ही गोष्ट माझ्या नेटक्या प्रश्नात नव्हती, त्यामुळे उत्तरातही नव्हती. एक जामीनदार त्याच्या ऑफिसातला मित्र झाला. दुसरा मी.